पत्र्याच्या डब्यातील पोस्टकार्डे आणि एक फुटलेले नाव

एका निवृत्त पोस्टमनच्या घरी पत्र्याच्या डब्यात सव्वाशेच्या आसपास जुनी पोस्टकार्डे होती. ती त्याच्या कुटुंबाची नव्हती. त्याच्या बीटवर एक विधवा आजी राहत असत. त्यांना वाचता येत नव्हते आणि त्यांचा मुलगा मुंबईला गिरणीत कामाला होता. मुलाचे कार्ड आले की पोस्टमनने ते उंबऱ्यावर बसून वाचून दाखवायचे आणि उत्तर सांगितले तर ते लिहूनही द्यायचे, असा रिवाज होता. पावसाळ्यात घर गळू लागले तेव्हा आजींनी घरात साठलेली सगळी कार्डे त्याच्या हाती दिली आणि ती सुकी राहतील अशा जागी ठेवायला सांगितली. त्यानंतर आलेली कार्डेही वाचून झाली की त्याच डब्यात जात राहिली. पुढे आजी वारल्या, मुलगा गावी परतला नाही आणि डबा मागायला कोणी आले नाही. ही सर्व कार्डे बटवडा होऊन, वाचली जाऊन, मालकिणीने स्वतः सोपवलेली होती, ही बाब आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. बटवडा न झालेले टपाल पोस्टमनने स्वतःकडे दडवून ठेवणे हा 1898 च्या टपाल कायद्याखाली गंभीर गुन्हा होता आणि या डब्याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

पोस्टमनच्या मुलीने ही कार्डे टाइप करायला घेतली, ती आजींच्या वारसांना मूळ कार्डांसह त्यांची वाचनीय प्रत देता यावी म्हणून. काम सरळ होते. एका कार्डावरचे एकच नाव मात्र लागेना. त्या नावाचे वाचन कसे झाले, त्यात वडिलांची आठवण आडवी कशी आली आणि अखेर टाइप केलेल्या प्रतीत नेमके काय लिहिले गेले, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

नकलेची पद्धत

सुरुवातीची काही कार्डे तिने वाचायला सोपी जावीत म्हणून आजच्या शुद्धलेखनात टाइप केली. ‘नाहीं’चे ‘नाही’, ‘घरांत’चे ‘घरात’ आणि ‘केलें’चे ‘केले’ झाले. मराठीतील असे अनुच्चारित अनुस्वार 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी काढून टाकले. त्याआधी शाळा शिकलेल्या माणसाच्या हाताला ते अनुस्वार वळणी पडलेले असत, त्यामुळे एखाद्या पत्रात ते किती सातत्याने दिले आहेत यावरून लिहिणाऱ्याची ओळख पटते. या डब्यात ते विशेष उपयोगी होते, कारण मुलगा स्वतः क्वचितच लिहीत असे. खोलीतील निरनिराळे सोबती त्याच्या सांगण्यावरून लिहून देत आणि अनुस्वारांच्या सवयीवरून निदान तीन हात वेगळे काढता येत होते. हे लक्षात आल्यावर तिने पद्धत बदलली. ओळ जिथे तुटते तिथेच तोडायची, ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार कार्डावर असतील तसेच ठेवायचे, ‘ती.’, ‘चि.’, ‘सा. न.’ ही संक्षिप्त रूपे सोडवून लिहायची नाहीत आणि जे वाचता येत नाही ते चौकोनी कंसात टाकायचे, असे तिने ठरवले. सुरुवातीची कार्डे नंतर पुन्हा टाइप करण्यासाठी बाजूला राहिली आणि याचा परिणाम पुढे दिसला.

अडलेले वाक्य

ते कार्ड कॉपिंग पेन्सिलने लिहिलेले होते. या पेन्सिलीच्या शिशात ग्रॅफाइटबरोबर पाण्यात विरघळणारा जांभळा रंग मिसळलेला असतो. कोरडे असताना तिचे अक्षर साध्या पेन्सिलीसारखे करडे दिसते, पण पाणी लागले की जांभळा रंग फुटून पसरतो. कार्डाच्या मधल्या भागावर कधीतरी पाण्याचे थेंब पडले होते. तिथे जांभळा डाग झाला होता आणि कडेची अक्षरे करडीच राहिली होती. वाक्य असे होते: ‘पुढील महिन्यापासून पैसे चि. … गुच्या नांवें पाठवीन. तिला सही करतां येते, म्हणजे अंगठ्यास साक्षीदार शोधावयास नको.’ ‘चि.’ अर्धवट दिसत होते, ‘गुच्या’ स्पष्ट होते आणि त्यांच्यामधील नावाचे पहिले अक्षर डागात गेले होते. डागाच्या वरच्या कडेला एक ठिपका होता. तो अनुस्वार असेल किंवा पाण्याबरोबर उडालेला रंगही असेल.

हे वाक्य किरकोळ नव्हते. आजींना सही येत नसल्याने मनीऑर्डरची रक्कम देताना त्यांचा अंगठा घ्यावा लागे आणि त्यासाठी साक्षीदार उभा करावा लागे. मुलगा ती अडचण दूर करत होता आणि त्यासाठी घरातील एका सही येणाऱ्या मुलीच्या नावाने पैसे पाठवणार होता. वारसांना प्रत द्यायची तर ही मुलगी कोण, हे त्यांना वाटेल तसे लावून चालले नसते.

तिने वडिलांना विचारले, “अण्णा, आजींच्या घरी मनीऑर्डर कोणाच्या नावाने यायची?” त्यांनी क्षणभरही न थांबता सांगितले, “भागूच्या. सगळ्या सह्या मी भागूच्याच घेतल्या आहेत. धाकटी मुलगी ती, शाळेत जायची.” इतक्या ठामपणे सांगितलेले नाव तिथेच टाइप करून पुढे जाणे स्वाभाविक होते. तिने ‘भागुच्या’ असे टाइप केलेही, पण कार्डाकडे पुन्हा पाहताना तिला शंका आली. डागाची रुंदी ‘भा’ला अपुरी वाटत होती आणि अनुस्वारासारखा तो ठिपका ‘भागु’मध्ये कुठेच बसत नव्हता.

डागाखालचे अक्षर

येथे तिने एक गोष्ट आधी केली, ती मला या कामातील सर्वांत महत्त्वाची वाटते. डागात काय दिसते ते पाहण्यापूर्वी तिने कोणती नावे शक्य आहेत आणि त्यांत आकाराचा फरक काय, याचा विचार केला. ‘गु’ने संपणारी आणि मुलीची असू शकतील अशी नावे तिला सुचली ती रंगू, गंगू, मंगू आणि भागू. देवनागरीत या नावांचे पहिले अक्षर उभ्या दांड्यांनी वेगळे ओळखू येते. ‘रं’ला पूर्ण उभा दांडा नसतो. ‘गं’ आणि ‘मं’ यांना एकेक असतो. ‘भा’ला दोन असतात, एक भ चा आणि एक कान्याचा. म्हणजे ‘हे नाव काय?’ या प्रश्नाऐवजी ‘स्पष्ट दिसणाऱ्या ‘गु’च्या आधी उभे दांडे किती?’ हा प्रश्न उरला. कोणते उत्तर मिळाले तर कोणते नाव गळणार, हे आधीच ठरलेले असल्याने आवडते नाव डागात शोधण्याचा मोह कमी झाला.

मग कार्ड 600 डीपीआयला रंगीत स्कॅन केले. चित्रे हाताळणाऱ्या साध्या प्रोग्रॅममध्येही रंगीत चित्राचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन थर वेगवेगळे पाहता येतात. जांभळा रंग हिरवा प्रकाश शोषतो, त्यामुळे हिरव्या थरात डाग सर्वांत गडद होतो, तर लाल आणि निळ्या थरांत तो फिका पडतो. ग्रॅफाइट तिन्ही थरांत काळेच राहते. पाण्याने रंग पसरला तरी ग्रॅफाइटचे कण बहुतांशी जिथल्या तिथे कागदाच्या तंतूंत अडकून असतात, म्हणून डाग फिका झाला की खालची रेघ दिसण्याची शक्यता असते. निळ्या थरात कार्डाचा पिवळसर कागदच काळवंडला आणि काही कळेना. लाल थरात मात्र डाग बराच विरळ झाला आणि त्यात ‘गु’च्या डावीकडे एक करडी उभी रेघ दिसली. दुसरी दिसली नाही.

दुसरी रेघ दिसली नाही म्हणजे ती नव्हतीच, असे लगेच म्हणता येत नाही. कदाचित पाण्याने ती पुसलीही असेल. म्हणून तिने त्याच डागात अर्धा बुडालेला ‘पैसे’ हा शब्द तपासला. तो कोणता शब्द आहे हे आधीच माहीत होते आणि त्यात प आणि स यांचे दोन दांडे असायलाच हवे होते. लाल थरात ते दोन्ही दिसले. म्हणजे या डागात उभ्या रेघा टिकल्या होत्या आणि नावात दुसरा दांडा न दिसण्याला काही अर्थ होता. डाग नसलेल्या कोऱ्या जागेवरही तिने चित्राचा उठाव, म्हणजे गडद आणि फिक्यातला फरक, डागावर वाढवला होता तेवढाच वाढवून पाहिला. तिथे कागदाचे तंतू आडवे-तिरपे उमटले, पण उभी सरळ रेघ तयार झाली नाही. उठाव फार ताणला की तंतूंनाच अक्षर समजण्याची चूक सहज होते, त्यामुळे कोऱ्या जागेची ही तुलना वगळून चालत नाही.

दुसरी तपासणी तिरप्या प्रकाशाची होती. खोलीत अंधार करून टॉर्च कार्डाला जवळपास समांतर धरली की पेन्सिलीच्या दाबाने पडलेली खाच सावलीने उठून दिसते. पोस्टकार्डाचा कागद जाड असल्याने खाच चांगली टिकते, मात्र भिजलेल्या भागात तंतू फुगून ती उथळ होते. इथेही तसेच झाले. उभ्या दांड्याची खाच अंधूक दिसली, तिच्या डावीकडे हुकासारखा एक आकडा दिसला आणि ठिपक्याच्या जागी टोचल्यासारखा खोलगट बिंदू दिसला. पाण्याबरोबर उडालेल्या रंगाने खाच पडत नाही, म्हणून तो ठिपका पेन्सिलीचा, म्हणजे अनुस्वार होता. कार्ड ओले करून रंग पुन्हा खुलवण्याचा सल्ला तिला एका परिचिताने दिला होता. तिने तो मानला नाही हे योग्यच झाले, कारण या रंगाला दुसऱ्यांदा पाणी लागले असते तर उरलेले अक्षरही गेले असते.

‘रं’ आणि ‘भा’ गळले. ‘गं’ आणि ‘मं’ उरले, आणि त्यांतला फरक सूक्ष्म आहे. त्याच हाताने लिहिलेल्या इतर कार्डांतून तिने ‘गांव’, ‘लागला’, ‘महिना’, ‘माझे’ असे शब्द कापून एका पानावर ओळीने मांडले. हा लिहिणारा ग चा आकडा दांड्यापासून सुटा ठेवत असे आणि म ची आडवी रेघ मात्र दांड्याला भिडवत असे. डागातल्या अक्षरात आकडा आणि दांडा यांच्यामध्ये फट दिसत होती. परंतु म ची आडवी रेघ या हातात फार हलकी ओढलेली असे आणि एवढी हलकी रेघ पाण्याने नाहीशी होऊ शकते. येथे कागदाचा पुरावा संपला. ‘गं’ अधिक संभवनीय, ‘मं’ अशक्य नाही, एवढेच त्यावरून म्हणता येत होते.

तिने टाइप केलेल्या सर्व कार्डांत ‘गंगु’ शोधले, तेव्हा काहीच सापडले नाही. कारण साधे होते. सुरुवातीच्या कार्डांत तिने जुन्या ‘गंगुस’चे ‘गंगूस’ केले होते आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकामुळे संगणकाने तो शब्द वेगळा मानला. दोन्ही रूपे शोधल्यावर एका जुन्या कार्डाच्या शेवटी ‘चि. गंगुस व चि. भागुस अनेक आशीर्वाद’ ही ओळ मिळाली. मंगू हे नाव डब्यात कुठेही नव्हते. घरात दोन मुली होत्या आणि भाऊ दोघींना आशीर्वाद लिहीत होता.

वडिलांची आठवण आणि कार्डाची तारीख

हे ऐकूनही अण्णा भागूवरून हलले नाहीत. “गंगूला मी त्या घरात पाहिलेच नाही. मी बीटवर आलो तेव्हा ती सासरी गेलेली होती,” असे ते म्हणाले. कागद एक सांगत होता आणि सही घेणारा माणूस दुसरे सांगत होता. येथे कोणाचे खरे धरायचे हा वाद करण्याऐवजी तिने कार्डाची तारीख तपासायला घेतली, आणि गुंता सुटला तो तिथे.

कार्ड गठ्ठ्यात 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धातील कार्डांमध्ये होते, म्हणून तिने ते त्याच काळातले धरले होते. तारखेच्या शिक्क्यात वर्षाचा फक्त 6 हा पहिला अंक उमटला होता. पण कार्डावरच्या छापील तिकिटाची किंमत नव्या पैशांत होती. दशमान नाणी 1 एप्रिल 1957 पासून आली आणि ‘नया पैसा’ या नावातील ‘नया’ 1 जून 1964 पासून वगळले गेले. म्हणजे कार्ड त्याआधी छापलेले होते. छापलेले कार्ड नंतरही वापरले जाऊ शकते, हे तिने लक्षात घेतले. मात्र त्याच दशकात पोस्टकार्डाचा दर वाढला. त्यानंतर जुने कार्ड टाकायचे असेल तर फरकाचे तिकीट चिकटवावे लागे, नाहीतर ते बेरंग, म्हणजे अपुऱ्या तिकिटाचे, ठरून घेणाऱ्याकडून फरकाच्या दुप्पट वसूल होई. या कार्डावर जादा तिकीट नव्हते, तिकीट निघाल्याची डिंकाची खूण नव्हती आणि बेरंगचा शिक्काही नव्हता. यावरून ते दरवाढीपूर्वी टाकलेले असावे, असा निष्कर्ष निघतो. पोस्टाने एखादे कार्ड नजरचुकीने तसेच सोडले असण्याची शक्यता उरते, म्हणून हा निष्कर्ष भक्कम असला तरी निर्णायक नाही.

अण्णांची त्या बीटवरची नेमणूक दरवाढीनंतरची होती आणि त्यांचा नेमणुकीचा कागद घरात होता. म्हणजे हे कार्ड त्यांनी वाटलेले नव्हते. त्यांच्या आधीच्या पोस्टमनने ते वाटले आणि आजींनी सोपवलेल्या जुन्या गठ्ठ्यातून ते त्यांच्याकडे आले. डब्याच्या तळाला गंज चढल्यावर त्यांनी एकदा सगळी कार्डे काढून पुन्हा रचली होती, त्यामुळे गठ्ठ्यातला क्रम हा काळाचा पुरावा राहिलाच नव्हता. अण्णांची आठवण चुकीची नव्हती. ती नंतरच्या वर्षांची होती आणि कार्ड आधीच्या वर्षांचे होते.

तरीही एक माणूस विचारण्यासारखा शिल्लक होता, ती म्हणजे स्वतः भागू, आता वृद्ध झालेली. पोस्टमनची मुलगी मूळ कार्ड घेऊन तिच्याकडे गेली. तिने ‘हे गंगूच ना?’ असे विचारले नाही, कारण अशा प्रश्नाला मिळणारे ‘होय’ निरुपयोगी असते. तिने कार्डही आधी दाखवले नाही आणि एवढेच विचारले, “मावशी, तुमच्या दादांची मनीऑर्डर आली की सही कोण करायचे?” उत्तर आले, “मी करायची. त्याआधी आक्का करायची, तिचे लग्न होईपर्यंत. मी तेव्हा पाटीवर नाव गिरवत होते.” आक्काचे नाव त्यांनी आपणहून सांगितले नाही आणि तिनेही लगेच विचारले नाही. कार्ड वाचून दाखवल्यावर त्या नावाजवळ येताच मावशीच म्हणाल्या, “गंगूआक्काचेच असणार ते.”

प्रतीत काय लिहिले

अंतिम प्रतीत ते शब्द ‘चि. [गं]गुच्या नांवें’ असे टाइप केले आहेत. मावशींच्या साक्षीनंतर कंस काढून टाकावा, असे घरातल्या काहींचे मत होते. तिने तो ठेवला आणि मला तिचा निर्णय पटतो. ती व्यक्ती गंगू होती हे आता जवळजवळ निश्चित आहे, पण कार्डावरचे पहिले अक्षर डोळ्यांना पूर्ण वाचता येत नाही हेही तितकेच निश्चित आहे, आणि कंस फक्त दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलतो. पहिल्या गोष्टीसाठी प्रतीला स्वतंत्र टीप जोडली आहे. तीत दांड्यांची तपासणी, ‘मं’ची उरलेली शक्यता, तारखेचा तर्क, अण्णांचे म्हणणे आणि मावशींचे उत्तर वेगवेगळे नोंदवले आहे, कोणी कशावरून सांगितले हे कळेल अशा रीतीने. पत्र लिहून देणाऱ्या सोबत्याने सांगितलेले नाव चुकीचे ऐकले असण्याची शक्यताही तिथे एका ओळीत आहे, कारण तो हात मुलाचा नव्हता. लाल थराचे चित्र आणि नमुना-शब्दांचे पान सोबत आहे, म्हणजे उद्या कोणाला दुसरे अक्षर दिसले तर त्याला तेच पाहून सांगता येईल.

मूळ कार्डे आणि प्रत मावशींच्या घरी पोहोचवल्यानंतर तिने स्वतःकडच्या फाइली पुन्हा उघडल्या. ज्या कार्डांना तिने केवळ गठ्ठ्यातल्या जागेवरून वर्षे दिली होती, त्या सर्वांवरील वर्षे तिने पुसली. शिक्का वाचता येत होता तिथे शिक्क्यावरून, तो नव्हता तिथे छापील तिकिटाच्या किमतीवरून ‘या वर्षानंतरचे’ किंवा ‘या वर्षाआधीचे’ अशी नोंद केली, आणि दोन्ही नव्हते तिथे वर्षाची जागा कोरी ठेवली. आजच्या शुद्धलेखनात टाइप केलेली सुरुवातीची कार्डे तिने मूळ कार्डांच्या स्कॅनवरून नव्याने टाइप करायला घेतली आहेत.